काठी, सावली आणि एक फोटो: दुपारचा सूर्य किती अंशावर आहे ते कसं काढायचं

मागच्या डिसेंबरात मी गच्चीवर एक मीटरची काठी उभी केली, बरोबर बाराच्या ठोक्याला उभ्या उभ्या मोबाईलने फोटो काढला, फोटोतली काठी मोजली, सावली मोजली, भागाकार केला आणि उत्तर आलं ४६ अंश. पुण्यात २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या जरा वर असतो. दोन अंश म्हणजे सूर्याची जवळजवळ चार बिंबं एकावर एक ठेवली तर जेवढं होईल तेवढी चूक. गणित बरोबर होतं, काठी सरळ होती, चूक सगळी फोटोत आणि घड्याळात होती. यंदा तोच प्रयोग नीट केला आणि उत्तर ४७.९४ आलं. मधल्या काळात काय काय कळलं ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुम्हाला पहिल्याच प्रयत्नात जमेल.

आधी मूळ हिशोब, तो दोन ओळींचाच आहे. काठी, तिची सावली आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचा किरण, यांचा काटकोन त्रिकोण होतो. काठीची उंची भागिले सावलीची लांबी हे सूर्याच्या उन्नतांशाचं, म्हणजे क्षितिजापासून सूर्य जितक्या अंशांवर आहे त्या कोनाचं टॅन, म्हणून कॅल्क्युलेटरवर त्या भागाकाराचं टॅन इन्व्हर्स काढलं की कोन मिळतो. आपल्या जुन्या ज्योतिषगणितात काठीला शंकू म्हणतात, तो बारा अंगुळांचा धरतात, आणि विषुवदिनाच्या माध्यान्हीला त्याची जेवढी सावली पडते तिला पलभा म्हणतात. पुण्याची पलभा साधारण चार अंगुळं येते, त्यावरून थेट अक्षांश निघतो. म्हणजे त्रिकोण जुनाच आहे, आपण फक्त मोजपट्टीच्या जागी फोटो घेतोय, आणि फोटो घेतला की एक नवीन प्रश्न उभा राहतो.

तो प्रश्न असा. काठी उभी आहे आणि सावली जमिनीवर आडवी पडली आहे, मग फोटोत दोन्ही एकाच मापाने येतात का? बहुतेक फोटोत येत नाहीत. तुम्ही उभं राहून खाली बघत फोटो काढला की काठी फोटोत आखूड होते, कारण कॅमेरा तिच्याकडे वरून तिरका बघतोय. आणि सावली कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून लांब जात असेल तर ती पण आखूड होते, पण वेगळ्या प्रमाणात. गुणोत्तर तिथेच बिघडतं.

यातून सुटायचा रस्ता माध्यान्ह स्वतःच देते. माध्यान्हीला सूर्य बरोबर दक्षिणेला असतो (आपल्याकडे हिवाळ्यात), सावली बरोबर उत्तरेला पडते, म्हणजे काठी, सावली आणि सूर्य हे तिन्ही दक्षिणोत्तर उभ्या एकाच पातळीत येतात. मनात एक उभी भिंत आणा, जी दक्षिण-उत्तर जाते आणि काठीतून जाते. काठी त्या भिंतीवरची उभी रेघ आणि सावली त्या भिंतीच्या पायथ्याची आडवी रेघ. आता या भिंतीचा फोटो अगदी समोरून काढला, म्हणजे कॅमेरा पश्चिमेला (किंवा पूर्वेला) ठेवून भिंतीला काटकोनात बघत, फोन वर-खाली न झुकवता, तर भिंतीवरच्या सगळ्या रेघा एकाच मापात येतात. उभी असो वा आडवी, एक सेंटीमीटरला सारखेच पिक्सेल. मग सावलीची लांबी सेंटीमीटरमध्ये माहीत असायची सुद्धा गरज नाही, पिक्सेलचं गुणोत्तर हेच खरं गुणोत्तर. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, बाकी जे सांगतो ते ही भिंत नीट साधावी म्हणून.

पहिलं काम वेळेचं. घड्याळातले बारा म्हणजे आपल्याकडची माध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणं ७३.८६ वर, म्हणजे ८.६४ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली तर साडेचौतीस मिनिटं झाली, म्हणून पुण्यात सूर्य सरासरी १२:३५ च्या सुमारास डोक्यावर येतो. त्यात वर्षभर थोडा मागेपुढे प्रकार असतो, फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य चौदा मिनिटं उशिरा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं लवकर, त्यामुळे पुण्याची माध्यान्ह १२:१८ पासून १२:४९ पर्यंत सरकते. २२ डिसेंबरला हा फरक दीडेक मिनिटाचाच आहे, म्हणून वेळ आली १२:३३. मुंबईकरांनी अजून चार मिनिटं धरायची, नागपूरकरांची माध्यान्ह मात्र पुण्याच्या वीस-एकवीस मिनिटं आधी होते.

बाराला फोटो काढल्याने माझं काय बिघडलं? सूर्य अजून ४७.३ वरच होता, पाऊण अंश कमी. पण म्हणून सेकंदाचा हट्ट धरायची गरज नाही, कारण माध्यान्हीच्या आसपास सूर्य वर चढायचा जवळजवळ थांबलेला असतो आणि दहा मिनिटांची चूक झाली तरी उन्नतांश फक्त ०.०७ अंशाने कमी येतो. सरकते ती सावलीची दिशा, दहा मिनिटांत साडेतीन अंशांनी. फोटोसाठी दिशा महत्त्वाची आहे, म्हणून वेळ पाळायची ती खरं तर दिशेसाठी.

आता दक्षिणोत्तर रेघ. मोबाईलचा कंपास वापरायचा मोह होतो आणि महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात फरकही एका अंशाच्या आतच आहे, पण गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया असतात आणि फोन चार बोटं सरकवला की सुई दुसरंच काही दाखवते. त्यापेक्षा आदल्या दिवशी काठीभोवती खडूने वर्तुळ काढायचं, त्याची त्रिज्या माध्यान्हीच्या सावलीपेक्षा थोडी मोठी. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण, दुपारी बाहेर जाताना शिवेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते, आणि तिला काठीच्या बुंध्यातून लंब काढला की दक्षिणोत्तर. मी १०५ सेंटीमीटरचं वर्तुळ घेतलं होतं. काठीला आधार द्यायला विटा लावल्या असतील तर दोन्ही खुणा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी याच रेघेवर काम करायचं.

काठी म्हणून मी एक इंची पीव्हीसी पाईप घेतला. साधी काठी घेतली तर त्रास होतो तो टोकाचा. सूर्य म्हणजे ठिपका नाही, अर्ध्या अंशाचं बिंब आहे, म्हणून सावलीची कड धूसर असते. एक मीटर काठी आणि ४८ अंशांवर सूर्य असेल तर हा धूसर पट्टा जमिनीवर जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर रुंद होतो, गडद भाग संपतो तिथे मोजलं तर कोन पाव अंशाने जास्त येतो आणि फिक्का भाग संपतो तिथे मोजलं तर पाव अंशाने कमी. बोटाएवढी बारीक काठी असेल तर टोकाला गडद भाग जेमतेम उरतो, सावली नुसती विरत जाते आणि तुम्ही अंदाजाने बोट ठेवता.

म्हणून पाईपच्या वर पुठ्ठ्याचा दहा बाय दहाचा चौकोन आडवा बसवला, उत्तरेकडे बाहेर आलेला, आणि त्यात सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. आता जमिनीवर पुठ्ठ्याची चौकोनी सावली पडते आणि तिच्या मधोमध उजेडाचा एक लांबट ठिपका, दोन सेंटीमीटरहून जरा मोठा, पक्ष्याच्या अंड्यासारखा. तो ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमाच आहे, ढगाचा तुकडा सूर्यावरून गेला तर ठिपक्यावरूनही जाताना दिसतो. त्याचा मध्य म्हणजे सूर्याच्या मध्यातून आलेला किरण, आणि मध्य डोळ्याने मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्ये सहज पकडता येतो.

भोक पाईपच्या बाहेर आलं म्हणजे काठीचा पाया आता पाईपचा पाया नाही. इथे ओळंबा लागतो. भोकातून दोरा सोडून ओळंबा स्थिर झाला की त्याच्या टोकाखाली खूण करायची, तीच त्रिकोणाची पायाची खूण, मग दोरा काढून घ्यायचा. यात एक मोठा फायदा लपलाय. पाईप एक अंशाने उत्तरेला किंवा दक्षिणेला कलला असेल तर नुसत्या पाईपने अर्ध्या अंशाहून जास्त चूक येते आणि एक अंशाचा कल डोळ्याला दिसत सुद्धा नाही, पण ओळंब्याची खूण घेतली की पाईप कललाय की नाही याने काही फरक पडत नाही, कारण भोक आणि खूण एकाच उभ्या रेघेत असणारच. फक्त पुठ्ठा हलता कामा नये, वारा असेल तर दोन बाजूंनी दोरी बांधा.

जमिनीचं मात्र काळजीने बघा, इथे बरेच जण फसतात. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. शंभरात एकचा उतार उत्तरेकडे असेल तर सावली लांबते आणि कोन पाव अंशाने कमी येतो, आणि फोटोत तो उतार दिसत नाही. मी चार फुटी प्लायवूडची फळी रेघेवर ठेवली, पाणसळ लावून खाली पुठ्ठ्याचे तुकडे सारत दोन्ही दिशांनी समतळ केली, मग पाईप तिच्या दक्षिण टोकाला उभा केला. एक मीटर उंचीला सावली नव्वद सेंटीमीटर येते, फळी १२२ ची आहे, पुरते. फळीच्या पृष्ठभागापासून भोकापर्यंत टेपने बरोबर १०० सेंटीमीटर भरेल असं केलं, गणितात गरज नाही पण पडताळ्याला कामी येतं.

कॅमेऱ्याची जागा. रेघेच्या पश्चिमेला, सावलीच्या साधारण मधोमध येईल असं, सहा मीटरवर. लंब दिशा कशी मिळवायची तर दोरीने ३-४-५ चा त्रिकोण करायचा, गवंडी पायाची आखणी करताना करतात तसाच, किंवा सुताराचा मोठा गुण्या रेघेला लावून दोरी ताणायची. फोन ट्रायपॉडवर, उंची अर्धा मीटर, स्क्रीनवरची ग्रिड चालू, आणि झूम २एक्स. वाईड अँगल लेन्स नको, त्यात कडेच्या सरळ रेघा बाहेर फुगतात. सगळं दृश्य फ्रेमच्या मधल्या भागात ठेवा. फोन खाली झुकवायचा नाही ही सगळ्यात महत्त्वाची अट, वीस अंश झुकवला तर काठी सहा टक्के आखूड होते आणि उत्तर पावणेदोन अंशाने घसरतं, माझ्या पहिल्या फोटोत चुकीचा मोठा वाटा हाच होता. बाजूने वीस अंश तिरकं राहिलात तर उलट होतं, सावली आखूड होते आणि कोन तेवढाच वाढतो. माझ्या जुन्या फोटोत दोन्ही होतं, बाराच्या ठोक्याला सावली उत्तरेपासून अकरा अंश फिरलेली होती, त्याने अर्धा अंश वाढवला, झुकण्याने पावणेदोन घटवले, घड्याळाने पाऊण घटवला, गोळाबेरीज दोन अंश कमी.

अर्ध्या मीटर उंचीवरून सहा मीटर लांब बघितलं की फळीवरचा उजेडाचा ठिपका फोटोत नुसती एक चमकती चिरी दिसते, तिचा मध्य फोटोत धरणं अवघड. यावर मुलीने काढलेला उपाय मला फार आवडला. तिने हरभऱ्याएवढी कणकेची गोळी घेतली, तिच्यात काडेपेटीची काडी उभी खोचली आणि १२:३३ ला ठिपक्याच्या बरोबर मध्यावर ठेवली. अशीच दुसरी काडी ओळंब्याच्या खुणेवर. भोक बाजूने दिसत नाही म्हणून पुठ्ठ्याच्या कडेवर भोकाच्या मध्यासमोर लाल स्केचपेनने रेघ मारली. आता फोटोत तीन स्पष्ट बिंदू आहेत, लाल रेघ, पायाची काडी, सावलीची काडी. फोटो टायमरवर काढा म्हणजे बोट लागून फोन हलणार नाही, आणि १२:३० ते १२:३६ मध्ये तीन-चार काढा, दर वेळी काडी नवीन मध्यावर सरकवून.

फोटो कॉम्प्युटरवर उघडून कुठल्याही साध्या चित्राच्या प्रोग्रॅममध्ये मोठा करा आणि कर्सर ठेवून पिक्सेलचे आकडे वाचा. मोबाईलवरून मेसेजने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, चालतो, पण बारकावा कमी होतो, केबलने मूळ फाईलच घ्या. आणि क्रॉप केला तर चालेल, पण एका बाजूने ताणून आकार बदलू नका. माझ्या ४००० बाय ३००० च्या फोटोत आकडे असे आले: लाल रेघ आडवं २६१८, उभं ६५५. पायाची काडी २६१०, २२४०. सावलीची काडी ११८०, २२३३. कॅमेरा पश्चिमेला असल्यामुळे उत्तर डावीकडे आहे, म्हणून सावली डावीकडे.

कोन काढायच्या आधी फोटो बरा आहे का ते बघायचं, ते याच आकड्यांत दिसतं. काठी ८ पिक्सेल उजवीकडे कललेली दिसतेय, १५८५ वर ८, म्हणजे ०.३ अंश. सावलीचं टोक ७ पिक्सेल वर आहे, १४३० वर ७, तेही ०.३ अंश. दोन्ही एकाच दिशेने सारखे फिरलेत, म्हणजे त्यांच्यातला काटकोन शाबूत आहे आणि फोन नुसता जरासा वाकडा धरला गेला होता, त्याने लांबी बदलत नाही. पण काठी सरळ आणि सावलीची रेघ तिरकी असं दिसलं असतं तर समजायचं की कॅमेरा भिंतीला काटकोनात नव्हता किंवा फळी उतरती होती. दहा अंश तिरकं उभं राहिलं तर माझ्या मांडणीत सावलीचं एक टोक वीसेक पिक्सेल वर-खाली होतं, सहज लक्षात येतं. म्हणूनच कॅमेरा अगदी जमिनीला टेकवू नका, तिथून ही खूण दिसतच नाही.

आता लांबी. दोन्ही किंचित तिरक्या असल्याने पायथागोरसने काढू, फरक नगण्य आहे पण सवय चांगली.

```python
import math
kathi = math.hypot(2618 - 2610, 655 - 2240)
savli = math.hypot(1180 - 2610, 2233 - 2240)
print(math.degrees(math.atan2(kathi, savli)))
```

काठी १५८५, सावली १४३०, भागाकार १.१०८४, आणि कोन ४७.९४ अंश. कॅल्क्युलेटरवर करणाऱ्यांनी स्क्रीनवर `DEG` आहे ना ते बघा. उत्तर ०.८३६७ असं काही आलं तर तो `RAD` मध्ये आहे, ५७.२९६ ने गुणा.

पडताळा सोपा आहे. माध्यान्हीचा उन्नतांश म्हणजे ९० वजा अक्षांश अधिक सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला आहे तो कोन, दक्षिणेला असेल तर उणे. पुण्याचा अक्षांश १८.५२, २२ डिसेंबरची क्रांती उणे २३.४४, म्हणून ९० − १८.५२ − २३.४४ = ४८.०४. माझा फोटो ०.१ अंशाने कमी सांगतोय. हा दशांश आला कुठून तेही शोधलं. १०० सेंटीमीटरला १५८५ पिक्सेल, म्हणजे फोटोप्रमाणे सावली ९०.२ सेंटीमीटर, आणि फळीवर टेप लावून काडीपर्यंत मोजली तर ९०.० भरली. टेपच्या मापाने कोन ४८.०१ येतो. म्हणजे चुकीतला मोठा भाग फोटोतला, दोन मिलिमीटरचा, आणि उरलेला काडी ठेवण्यातला. या उंचीला सावलीचे तीन मिलिमीटर म्हणजे ०.१ अंश, फोटोत ते पाचेक पिक्सेल होतात, त्यापेक्षा बारीक उत्तराची अपेक्षा या मांडणीकडून ठेवू नका. पिक्सेलचे आकडे दशांशात वाचून काही मिळत नाही, त्यापेक्षा चार फोटोंची सरासरी घ्या.

ही पद्धत नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान चालते. २१ मार्चला पुण्यात सूर्य साडेएकाहत्तर अंशांवर असतो, मीटरला सावली साडेतेहतीस सेंटीमीटर, अजूनही जमतं. पण मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस, तेव्हा मोजायला सावलीच नसते. त्या दोन तारखांच्या मध्ये सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते, तेव्हा पुठ्ठा दक्षिणेकडे बाहेर काढायचा. सूत्राचं उत्तर तेव्हा ९० च्या वर जातं, जूनच्या २१ ला ९४.९२, याचा अर्थ सूर्य डोक्यावरून पलीकडे गेलाय आणि उत्तर क्षितिजापासून ८५.०८ वर आहे. फोटोतून तुम्हाला ८५ च मिळेल, सावली कुठल्या बाजूला पडली हे टिपून ठेवलं नसेल तर नंतर गोंधळ होतो.

हेच सूत्र उलटं फिरवून माझ्या फोटोवरून अक्षांश काढला तर ९० − ४७.९४ − २३.४४ = १८.६२ येतो. नकाशावर ठेवून बघितलं, माझी गच्ची आहे त्याच्या ११ किलोमीटर उत्तरेला. टेपचं ४८.०१ घेतलं तर तेच अंतर साडेतीन किलोमीटरच्या आत येतं.